विहिरीवरची मोटर आणि गाडीतलं चुंबक

आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. तिच्या पत्र्याच्या नेमप्लेटवर बाकी सगळं पुसट झालंय, पण एक आकडा अजून वाचता येतो: २८८० आरपीएम. लहानपणी हा आकडा मला विचित्र वाटायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दोन पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला बरोबर ३००० फेरे मारतं. मग मोटर २८८० का? मधले १२० फेरे गेले कुठे?

इलेक्ट्रिक गाडीत कुठली मोटर घालावी यावर गेली पंधरा वर्षं जी रस्सीखेच चालू आहे, ती बऱ्याच अंशी या १२० फेऱ्यांची आहे.

विहिरीवरची ती मोटर इंडक्शन मोटर. बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तांब्याची वाइंडिंग असते. तिच्यात थ्री फेज वीज सोडली की आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आतल्या रोटरला मात्र कुठलीही वायर जोडलेली नसते, आणि चुंबकही नसतं. असतो तो ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्यांचा पिंजरा, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेला. फिरतं क्षेत्र या दांड्यांवरून सरकतं, त्यामुळे दांड्यांत करंट उपजतो, त्या करंटमुळे रोटर स्वतःच लोहचुंबकासारखा होतो आणि क्षेत्रामागे ओढला जातो.

कळीचा शब्द ‘सरकतं’ हा आहे. रोटर जर क्षेत्राच्या बरोबरीने ३००० ने फिरू लागला, तर दांड्यांच्या दृष्टीने क्षेत्र थांबलेलंच असेल. मग करंट नाही, ओढ नाही. म्हणून रोटरला कायम थोडं मागे राहावंच लागतं. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. ३००० पैकी १२० म्हणजे ४ टक्के.

स्लिपचा हिशेब फार सरळ आहे: जितके टक्के स्लिप, रोटरला मिळालेल्या शक्तीतले तितके टक्के रोटरच्या पिंजऱ्यात उष्णता होऊन जातात. पाच एचपी म्हणजे साधारण ३.७ किलोवॉट. ४ टक्के स्लिपला रोटरमध्ये दीडशे वॉट जळतात. विहिरीवर याची कोणी फिकीर करत नाही. पंपाच्या जुनाट पाइपात याहून जास्त शक्ती वाया जाते. पण बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत ती प्रत्येक वॉटची किंमत मोजून विकत घेतलेली असते.

शिवाय दुसरा एक खर्च आहे, तो नेमप्लेटवर दिसत नाही. इंडक्शन मोटरला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं करायलाच करंट लागतो, काम असो वा नसो. शेतीपंपाला कपॅसिटर बसवा म्हणून महावितरण मागे लागतं ते याच करंटमुळे. गाडीत हा करंट बॅटरीतून अखंड खेचला जात नाही, तो बॅटरीच्या डीसी विजेची एसी करणारा इन्व्हर्टर आणि मोटर यांच्यात ये-जा करत राहतो. पण ये-जा करताना इन्व्हर्टरचे स्विच आणि स्टेटरचं तांबं दोन्ही तापवतो. इन्व्हर्टरही मग जरा मोठा घ्यावा लागतो.

आता दुसरी मोटर घ्या. स्टेटर जवळजवळ तसाच, पण रोटरमध्ये पिंजऱ्याऐवजी लोखंडी पत्र्यांच्या थप्पीत कायमची चुंबकं पुरलेली. क्षेत्र उभं करायला करंट नको, ते चुंबकात आयतंच आहे. स्लिपही नको: रोटर क्षेत्राच्या पावलावर पाऊल टाकून फिरतो. ते १२० फेरे परत मिळतात. रोटरमधला दीडशे वॉटचा शेगडीचा प्रकार जवळपास संपतो (पूर्ण नाही, चुंबकांत थोडे भोवरी करंट फिरतातच). आणि रोटर कमी तापतो ही नुसती बचत नाही. स्टेटर बाहेरून थंड करता येतो, आतल्या फिरत्या रोटरपर्यंत थंडावा पोचवणं अवघड. ऑडीने पहिल्या ई-ट्रॉनमध्ये दोन्ही ॲक्सलवर इंडक्शन मोटर वापरली, तेव्हा रोटरचा शाफ्ट पोकळ करून त्यातूनच कूलंट खेळवावा लागला. फिरत्या शाफ्टमध्ये पाणी सोडायचं आणि सील गळू द्यायचं नाही, हे काम किती किचकट असेल याची कल्पना करा.

मग टेस्लाने २०१२ ची मॉडेल एस इंडक्शन मोटरवर का काढली? कारणं तेव्हा रास्त होती. चुंबक लागत नाही, म्हणजे चुंबकाच्या किमतीची झळ नाही. २०१० मध्ये चीन आणि जपानच्या वादात या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंचा पुरवठा आवळला गेला होता आणि २०११ मध्ये त्यांचे भाव काही पटींनी वर गेले होते. ते ताजं होतं. टेस्लाने रोटरचा पिंजरा ॲल्युमिनियमऐवजी तांब्याचा केला. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के, त्यामुळे तांब्याच्या पिंजऱ्यात तेवढ्याच करंटला कमी उष्णता होते. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, म्हणून तांब्याचा पिंजरा बनवणं कटकटीचं आणि महाग. म्हणजे ‘स्वस्त’ मोटर चांगली करायला गेलं की तीही स्वस्त राहत नाही.

आपल्याकडेही सुरुवात इंडक्शननेच झाली. महिंद्राची ई२ओ, ई-व्हेरिटो, टाटाची सुरुवातीची ७२ व्होल्टची टिगोर ईव्ही, या सगळ्यांत इंडक्शन मोटर होती. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीत पर्मनंट मॅग्नेट आली आणि त्यानंतर या वर्गात तीच रुळली.

टेस्लानेही २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये मागच्या चाकांना चुंबकाची मोटर दिली. खरा बघण्यासारखा प्रयोग मात्र २०१९ च्या एप्रिलमध्ये झाला. मॉडेल एसच्या दोन मोटरपैकी पुढची इंडक्शन काढून तिथे चुंबकाची बसवली, मागची तशीच ठेवली. बॅटरी तीच १०० किलोवॉट-तासांची. अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत रेंज ३३५ मैलांवरून ३७० मैलांवर गेली, म्हणजे ५३९ किलोमीटरवरून ५९५ वर. सगळं श्रेय चुंबकाला देणं बरोबर नाही, कारण त्याच वेळी गिअर, बेअरिंग, टायर यांतही सुधारणा होत्या. तरीही बॅटरी न वाढवता १० टक्के रेंज हा आकडा बोलका होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ती अनेक जण सोडून देतात. मागची इंडक्शन मोटर त्यांनी का ठेवली? पैसे वाचवायला? तेही असेल. पण मोठं कारण वेगळं आहे. चुंबकाची मोटर बंद करता येत नाही. वीज तोडली तरी चुंबक चुंबकच राहतं. चाकांबरोबर रोटर फिरतो आणि स्टेटरच्या लोखंडात उलटसुलट क्षेत्र घुसळत राहतो, म्हणून गाडीला किंचित ब्रेक लागल्यासारखा राहतो. इंडक्शन मोटरचा करंट तोडला की आत काहीच उरत नाही, नुसता लोखंडाचा ठोकळा बेअरिंगवर फिरतो. त्यामुळे दोन मोटरच्या गाडीत रोजची मजुरी चुंबकाच्या मोटरने करायची, आणि ओव्हरटेकला किंवा निसरड्या रस्त्यावर इंडक्शनला हाक मारायची, ही वाटणी झकास बसते. फोक्सवॅगनच्या ID.4 GTX मध्येही हेच: मागे चुंबक, पुढे इंडक्शन. ह्युंदाईने दुसरा मार्ग काढला. दोन्हीकडे चुंबकाच्याच मोटर, पण पुढची नको तेव्हा चाकांपासून सोडवणारा क्लच.

बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी चाकांवर ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर चढवा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं त्याचं मूळही बव्हंशी इथेच आहे. चुंबक फिरलं की मोटर जनरेटर होते, तुमची इच्छा असो वा नसो.

वेगाचाही एक पेच आहे. रोटर जसा जोरात फिरतो तसा चुंबकामुळे स्टेटरमध्ये उलटा व्होल्टेज वाढत जातो. एका वेगाला तो बॅटरीच्या व्होल्टेजला गाठतो, आणि मग मोटरमध्ये करंट ढकलताच येत नाही. यावर उपाय म्हणजे थोडा करंट मुद्दाम चुंबकाच्या विरुद्ध दिशेने वापरून त्याचं क्षेत्र दाबायचं. म्हणजे आधी महागाचं चुंबक आणायचं आणि मग त्याला गप्प बसवायला वीज जाळायची! इंडक्शन मोटरमध्ये क्षेत्र आपणच करंटने उभं केलेलं असतं, ते कमी करायचं तर करंट कमी केला की झालं. त्यामुळे शहरातल्या थांबा-निघा गर्दीत चुंबकाची मोटर स्पष्ट पुढे असते, आणि एक्सप्रेसवेवर एकसारख्या वेगाने, हलक्या भाराने जाताना दोघींतलं अंतर बरंच कमी होतं. यावर डिझायनरांनी अर्धा तोडगा काढलाय. रोटरच्या पत्र्यांत अशा खाचा पाडायच्या की चुंबकाशिवायही लोखंड क्षेत्राकडे ओढलं जाईल, जसा खिळा चुंबकाकडे जातो. टॉर्कचा काही भाग असा फुकटात मिळवला की चुंबक कमी घालून भागतं. मॉडेल ३ ची मोटर याच जातीची.

आता पैशांचं बघू. खालचे आकडे हिशेबाला धरलेले आहेत, कुठल्या एका गाडीचे नाहीत, पण आवाक्यातले आहेत.

समजा गाडीला चाकांवर १०० किलोमीटरला १३ युनिट ऊर्जा लागते. वेगवेगळ्या वेगांची, भारांची सरासरी धरून चुंबकाच्या मोटरची कार्यक्षमता ९४ टक्के, इंडक्शनची ९० टक्के मानू. पहिलीला बॅटरीतून १३.८ युनिट लागतील, दुसरीला १४.४. फरक जेमतेम ०.६ युनिटचा. ४० युनिटच्या बॅटरीवर पहिली २८९ किलोमीटर जाईल, दुसरी २७७. बारा किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण इंडक्शनवाल्या गाडीला तीच २८९ ची रेंज द्यायची तर बॅटरी पावणेदोन युनिटने मोठी करावी लागेल. बॅटरीचा भाव युनिटला १० हजार रुपये धरला तर हे झाले साडेसतरा हजार. याउलट मोटरमध्ये दीड किलो चुंबक लागतं असं समजून, किलोला ६ हजार धरले तर ९ हजार. पिंजऱ्याला लागणारं तीन-चार किलो ॲल्युमिनियम हजारभर रुपयांचं, ते वजा करा. चुंबक घेऊनही कंपनीच्या खिशात साडेनऊ हजार उरतात.

चुंबकाची मोटर महाग आणि इंडक्शन स्वस्त, असं जे सर्रास म्हटलं जातं ते मोटर टेबलावर ठेवली तर खरं आहे. गाडीत बसवली की उलटं होतं, कारण चुंबकाचे पैसे बॅटरी भरते. वर ग्राहकाची वीज वाचते ती वेगळी: दीड लाख किलोमीटरमध्ये नऊशेच्या वर युनिट, म्हणजे घरच्या दराने सात-आठ हजार रुपये.

पण याच हिशेबात चुंबकाची हार कुठे आहे तेही दिसतं. बॅटरीचा भाव निम्मा झाला की साडेसतरा हजारांचे पावणेनऊ होतात आणि दोघी बरोबरीला येतात. किंवा चुंबकाचा भाव किलोला बारा हजारांच्या वर गेला, तरी तेच. गेल्या काही वर्षांत बॅटरी स्वस्त होत चालली आहे आणि चुंबकाचं भविष्य चीनच्या निर्यात खात्याच्या हातात आहे. म्हणून हा निकाल कायमचा लागलाय असं मी म्हणणार नाही.

या चुंबकाची जन्मकथाच मोठी गमतीची आहे. १९७० च्या दशकात जोरदार चुंबक म्हणजे समेरियम-कोबाल्ट. १९७८ मध्ये झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, बंडाळी झाली, कोबाल्टचा भाव भडकला, आणि कोबाल्ट नसलेलं चुंबक शोधायची धावपळ सुरू झाली. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर काढलं, लोखंड, निओडिमियम आणि थोडं बोरॉन, आणि ते १९८३ मध्ये जगापुढे आलं. एका देशावरचं अवलंबन टाळायला केलेला शोध. जनरल मोटर्सने आपली चुंबकाची कंपनी १९९५ मध्ये विकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिचं अमेरिकेतलं उत्पादन बंद होऊन चीनला गेलं. आज अशा चुंबकांपैकी सुमारे ९० टक्के तिथे बनतात.

दीड किलो चुंबकात बहुतेक लोखंडच असतं. दुर्मिळ मृदा धातू साधारण ३० टक्के, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यातलं निओडिमियम तितकंसं दुर्मिळ नाही. खरं दुखणं आहे ते डिस्प्रोशियम.

साधं निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसपर्यंत भरवशाचं. घाटात भरलेली गाडी चढवताना मोटरच्या आत दीडशे अंश सहज होतात. गरम झालेल्या चुंबकावर स्टेटरचं उलटं क्षेत्र जोराने आदळलं की चुंबकातले काही कण दिशा बदलतात, आणि थंड झाल्यावरही परत फिरत नाहीत. चुंबक कायमचं दुबळं होतं. हे टाळायला त्यात काही टक्के डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. त्याने कण हट्टी होतात, दिशा सोडत नाहीत. बदल्यात चुंबकाची ताकद मात्र थोडी घटते. मोटरसाठीचं चुंबक १५० किंवा १८० अंशांच्या ग्रेडचं म्हणून विकतात, तो आकडा या दोन धातूंचा प्रताप आहे.

असं दुबळेपण ओळखायचं कसं? गाडी चालते, पण तेवढ्याच टॉर्कला जास्त करंट घेते, म्हणून जास्त तापते, म्हणून आणखी दुबळी होते. कार्यशाळेत मोटर सुटी करून बाहेरून ठरावीक वेगाने फिरवतात आणि उघड्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजतात. नव्या मोटरपेक्षा तो कमी आला तर चुंबक गेलं. इंडक्शन मोटरला हा आजार नाही. तिचा आजार म्हणजे पिंजऱ्याचा दांडा तडकणं. आमच्या गावचा रिवाइंडिंगवाला तो ॲमीटरवर ओळखायचा: भार तोच, पण काटा एका लयीत पुढे-मागे डुलतोय. “पिंजरा फुटलाय दादा, वाइंडिंगला हात लावू नका,” म्हणायचा. काटा डुलण्याचा तो वेग स्लिपच्या दुप्पट असतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लागू केला. यादीत निओडिमियम नव्हतं. डिस्प्रोशियम आणि टर्बियम होतं. नेमकी नस धरली होती, कारण मोटरच्या चुंबकात तेच मिसळलेलं असतं. महिन्या-दोन महिन्यांत साठे आटू लागले. पुण्याच्या आकुर्डीत चेतक बनवणाऱ्या बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जुलैमध्ये सांगितलं की ऑगस्टचं उत्पादन शून्यावरही येऊ शकेल. स्कूटरची मोटर लहानशीच असते. त्यात काहीशे ग्रॅम चुंबक अडलं म्हणून सगळी लाइन थांबायची वेळ.

तेव्हा अनेकांनी विचारलं की मग सरळ इंडक्शनवर का जात नाही? जाता येतं, पण सोमवारी ठरवून मंगळवारी नाही. तेवढ्याच ताकदीची इंडक्शन मोटर मोठी आणि जड असते, मूळ जागेत बसत नाही. इन्व्हर्टर मोठा, कूलिंग वेगळं, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि मग पुन्हा सगळ्या चाचण्या. त्याहून जवळच्या वाटा म्हणजे डिस्प्रोशियम कमी करणं. ते पूर्ण चुंबकात न मिसळता फक्त कणांच्या कडांवर मुरवलं तरी काम होतं, कारण कणांची दिशा आधी कडेपासूनच ढळते. होंडा आणि दाइदो स्टील यांनी २०१६ मध्ये डिस्प्रोशियम-टर्बियम अजिबात नसलेलं चुंबक हायब्रिड गाडीत घातलं होतं. त्यांनी कणच इतके बारीक केले की उष्णतेला ते दबले नाहीत. बीएमडब्ल्यू आणि रेनोने चुंबकाऐवजी रोटरवर तांब्याची वाइंडिंग घेतली आणि ब्रशमधून तिला वीज दिली. २०२३ मध्ये टेस्लानेही पुढची मोटर दुर्मिळ मृदेशिवायच्या चुंबकाची असेल असं जाहीर केलं. साध्या फेराइट चुंबकात साठणारी ऊर्जा निओडिमियमच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते, त्यामुळे हे ऐकून मोटर बनवणाऱ्यांनी भुवया उंचावल्या.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात वर्षाला ६ हजार टन चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. कच्चा माल आपल्याकडे आहे असं लगेच सांगितलं गेलं, आणि ते अर्धं खरं आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट मिळतं आणि त्यात निओडिमियम भरपूर असतं. डिस्प्रोशियम मात्र त्यात नावापुरतंच.